मधमाशीपालनात यायचंय, पण राजीनाम्याआधी हे काम कसं तपासू?

अनघा_सांगोला | 2 जून

नमस्कार. मी पुण्यात एका आयटी कंपनीत सपोर्ट टीम सांभाळते. वय 34, नोकरीला 11 वर्षं झाली, हातात महिन्याला 62 हजार येतात. नवऱ्याची नोकरी आहे, मुलगी पाच वर्षांची. माहेर सांगोला तालुक्यात, भावाची सहा एकर डाळिंबाची बाग आहे.

मार्चमध्ये पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. पहिल्यांदा चौकट हातात धरली, तिच्यावर दोन हजार माश्या शांतपणे आपलं काम करत होत्या, आणि त्या दिवसापासून माझं मन दुसरीकडे लागत नाही. मेलिफेरा जातीच्या माश्यांच्या पेट्या घ्यायच्या, डाळिंबाच्या बहराला भाड्याने द्यायच्या आणि मध काढायचा असा विचार आहे. 50 पेट्यांपासून सुरुवात करावी असं वाटतं.

घरच्यांचं म्हणणं, आधी नोकरी सोडू नकोस. ते मला पटतं. पण शनिवार-रविवार आणि वर्षाच्या 20 रजा एवढ्यात हे काम आपल्याला झेपेल की नाही हे कळणार कसं? कमी पैशांत, हातची नोकरी ठेवून, नेमकं काय करून पाहावं? ज्यांनी हे किंवा दुसरं एखादं क्षेत्र असं आधी चाचपून पाहिलंय त्यांनी सांगावं.

शिरीष_मो | 2 जून

विचार करण्यात वर्ष घालवू नका. सरळ 10 पेट्या घ्या, भावाच्या बागेत ठेवा, तीन महिने बघा. पेटीला साडेचार हजार धरले तर 45 हजारांत तुमची परीक्षा होऊन जाईल. नाही जमलं तर विकून टाका, माश्यांना गिऱ्हाईक असतं. चावण्याचं म्हणाल तर सुरुवातीला सूज येते, मग शरीराला सवय होते आणि काही होत नाही. मी गच्चीवर दोन पेट्या ठेवल्या होत्या, सहा महिन्यांत मला काहीच वाटेनासं झालं.

विभा_घरगुती | 2 जून

मधाचा व्यवसाय चांगला आहे. मी लोणची-पापड विकते, त्यामुळे सांगते. बाटली काचेचीच घ्या, लेबलवर फुलाचं नाव लिहा. आधी 20 किलो मध कुठूनतरी घाऊक घ्या आणि ओळखीत विकून बघा. माश्या पाळायची गरजच काय?

अनघा_सांगोला | 2 जून

विभाताई, मला मध विकण्यापेक्षा माश्यांचं काम करायचं आहे. पण तुमचा मुद्दा लिहून ठेवते.

रानवाटा | 3 जून

ताई, मी नगर जिल्ह्यातला. चौदा वर्षं मेलिफेरा करतोय, सध्या 180 पेट्या आहेत. तुमचा प्रश्न योग्य वेळेला आलाय, कारण जून लागलाय.

शिरीषदादांनी 10 पेट्या घ्यायला सांगितलं, ते अर्धं बरोबर आहे. स्वतःची पेटी असल्याशिवाय कळत नाही हे खरं. पण जूनमध्ये नवख्या माणसाने सांगोल्यात 10 पेट्या ठेवून पुण्यात बसायचं म्हणजे ऑगस्टपर्यंत निम्म्या रिकाम्या. मग तुम्ही म्हणाल, हे काम आपल्याला जमत नाही. प्रत्यक्षात काम जमतं की नाही याची परीक्षा झालेलीच नसेल, लांबून राखण करता येते का एवढीच झाली असेल.

प्रशिक्षणात तुम्ही मार्च बघितला. मार्चमध्ये माश्या भरात असतात, चौकटी मधाने जड असतात, कोणालाही प्रेम वाटेल. आमच्या कामाचं वर्ष वेगळं आहे. जून ते सप्टेंबर रानात फुलोरा नसतो, तेव्हा साखरपाणी घालून माश्या नुसत्या जगवायच्या. सप्टेंबरच्या शेवटी अकोले तालुक्याकडे कारळ्यावर जायचं, तिथून तुरीवर. डिसेंबरात मोठे लोक राजस्थानात मोहरीवर जातात, मीही दोन वर्षांआड जातो. फेब्रुवारीत कांदा बियाणं आणि डाळिंब. मध काढायचे दिवस वर्षात मोजून 20-25 असतात. बाकी सगळं वर्ष पेट्या जगवणं, हलवणं आणि शेतकऱ्यांशी बोलणं यात जातं.

म्हणून माझं सांगणं असं, की पेट्या आत्ता घेऊ नका. जवळच्या एखाद्या मधपाळाकडे वर्षातून चार वेळा जा, आणि चारही वेळा मध निघत नसतानाच जा. एक, जूनमध्ये साखरपाण्याला. दोन, ऑगस्टमध्ये, कॉलन्या सगळ्यात अशक्त असतात तेव्हा. तीन, सप्टेंबरात रात्रीच्या स्थलांतराला. चार, फेब्रुवारीत डाळिंबाच्या बागेत, शेतकरी फवारणी करतो त्या आठवड्यात. पाहुणी म्हणून खुर्चीवर बसायचं नाही, गड्यासारखं काम मागायचं.

माझ्याकडे यायचं असेल तरी चालेल. शनिवारी पहाटे सहाला हजर पाहिजे.

सुवर्णा_सिस्टर | 3 जून

मी परिचारिका आहे, तातडीच्या विभागात काम केलंय. शिरीष यांनी चावण्याबद्दल जे लिहिलं ते तसंच्या तसं धरून चालू नका. बऱ्याच जणांची सूज सवयीने कमी होते, हे खरं. पण काहींच्या बाबतीत उलटं होतं. आधी आठ-दहा वेळा चावून काही झालेलं नसतं आणि पुढच्या एका डंखाला अंगभर गांधी उठतात.

हात कोपरापर्यंत सुजला तरी ती त्या जागेची सूज. मात्र डंख हाताला आणि गांधी पोटावर, ओठ किंवा जीभ सुजणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, श्वास लागणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठायचा. डंखाचा काटा कसा काढायचा यावर वाद घालत बसू नये, नखाने खरवडून पहिल्या काही सेकंदांत बाहेर काढावा, कारण तो अंगात असेपर्यंत विष सोडत राहतो.

अनघा, तुमच्या तपासणीत हा भाग सगळ्यात आधी यायला हवा. दमा किंवा कसली ॲलर्जी असेल तर पहिल्या खेपेआधी डॉक्टरांशी बोला. आणि एकटीने पेटी उघडू नका.

मकरंद_ठाणे | 4 जून

माझं क्षेत्र वेगळं, पण अनुभव लागू पडेल. मी बँकेत होतो, गणिताचा शिक्षक व्हायचं होतं. एका संस्थेत दर शनिवारी वस्तीतल्या मुलांना शिकवायचो. दीड वर्ष शिकवलं, फार आनंद मिळाला. मग बी.एड.साठी नोकरी सोडली. पुढे शाळेत लागलो तेव्हा कळलं, की शनिवारी माझ्याकडे यायची ती 12 मुलं स्वतःहून येत होती. शाळेत 55 जणांचा वर्ग, त्यातल्या 40 जणांना गणित नको असतं, आणि वह्या तपासणं, हजेरी, निवडणुकीचं काम. दीड वर्षाच्या सेवाकार्याने मला शिकवण्यातली गोडी दाखवली. शिक्षकाची नोकरी काय असते ते दाखवलं नाही.

मी आजही शिक्षक आहे, पश्चात्ताप नाही. पण पुन्हा करायचं झालं तर एखाद्या शाळेत सलग दोन आठवडे, सोमवार ते शनिवार, एका शिक्षकाच्या मागे सावलीसारखा राहीन. रानवाटा म्हणतात ते हेच आहे.

सतीश_एचआर | 4 जून

एक कोरडा मुद्दा. नेमणूकपत्र काढून वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या पत्रात, लेखी परवानगीशिवाय दुसरं कमाईचं काम करायचं नाही, असं कलम असतं. सुट्टीच्या दिवशी मधपाळाकडे शिकायला जाणं हा प्रश्न नाही. पण पेट्यांचं भाडं तुमच्या नावावर यायला लागलं की प्रश्न येऊ शकतो. तसं होणार असेल तर आधी परवानगीचा ईमेल टाका. चोरून करू नका. आणि नोटीस पिरियड किती आहे तेही बघून ठेवा, 90 दिवस असेल तर हंगामाच्या तीन महिने आधीच निर्णय घ्यावा लागेल.

जावळीकर | 5 जून

आमच्याकडे सातेरी, म्हणजे आपली देशी माशी आहे. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, मांघर गावाला 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली, त्या पट्ट्यातलाच मी. इथे पेट्या हलवत नाहीत, रात्रीचं स्थलांतर नाही, ट्रक नाही. पेटीला वर्षाला पाच-सहा किलो मध मिळाला तरी बरं. पण जांभळाचा मध लोक दारात येऊन नेतात.

रानवाटा यांनी सांगितलेले चार दौरे मेलिफेराचे आहेत. तेवढे करून तुम्ही म्हणाल, मधमाशीपालन आपलं नाही, आणि सातेरीचं आयुष्य तुम्ही पाहिलेलंच नसेल.

रानवाटा | 5 जून

जावळीकर बरोबर बोलतात. पण ताईंना डाळिंबाला पेट्या भाड्याने द्यायच्या आहेत. मोठ्या बागेत मेलिफेराच लागते, आणि सातेरीला पटलं नाही की ती पेटी सोडून निघून जाते. सांगोल्याच्या उन्हात ती किती टिकेल याची मला शंका आहे.

अनघा_सांगोला | 23 जून

काल रानवाटा दादांकडे पहिला दौरा झाला. सविस्तर लिहिते, कदाचित कोणाच्या उपयोगी पडेल.

पहाटे साडेतीनला निघाले. दिवसभर पेट्या तपासल्या, एकूण 46. साखरपाणी एकास एक, म्हणजे किलोला लिटर, सकाळीच ढवळून ठेवलं, पण घालायचं मात्र संध्याकाळी. मी दुपारीच विचारलं, आत्ता का नाही? दादांनी बोटभर पाक एका पेटीच्या झाकणावर सांडला. पाच मिनिटांत शेजारच्या पेट्यांतल्या माश्या तिथे जमल्या आणि पुढच्या दहा मिनिटांत त्या पेटीच्या दाराशी झुंज सुरू झाली. रानात काही नसलं की एक कॉलनी दुसरीला लुटते आणि अशक्त पेटी एका दुपारीत संपते. त्यांनी ओल्या फडक्याने पाक पुसला आणि दार एका माशीपुरतं बारीक केलं, तेव्हा ते थांबलं.

दुसरं म्हणजे अंडी बघायला शिकले. चौकट अशी धरायची की ऊन आपल्या पाठीमागून मेणाच्या घराच्या तळाशी पडेल. पहिल्या वीसेक चौकटींत मला काहीच दिसलं नाही. मग एकदम दिसलं, प्रत्येक घराच्या तळाला तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं, उभं. दादा म्हणाले, उभं आहे म्हणजे आजचं, आडवं पडलं की तिसऱ्या दिवसाचं. राणी दिसली नाही तरी चालेल, अंडी दिसली म्हणजे तीन दिवसांत ती इथे होती. राणी शोधत बसणारा नवखा पेटी उगाच वेळ उघडी ठेवतो.

सहा डंख बसले, सूज मनगटापर्यंत. दोन तास गाडीत पाठ धरली होती. तरी मला ते काम आवडलं, हे खरं आहे. खर्च पेट्रोल आणि जेवण मिळून 1,900.

शिरीष_मो | 23 जून

वा. पण फुकट राबवून घेतात असं नाही वाटत का? दिवसभर 46 पेट्या म्हणजे एका गड्याची मजुरी.

रानवाटा | 24 जून

दादा, नवख्याबरोबर 46 पेट्यांना माझा पूर्ण दिवस गेला. एकट्याने दुपारी बारापर्यंत संपवल्या असत्या. पहिल्या दोन वेळा शिकणारा माणूस ओझंच असतो, तिसऱ्या वेळेपासून उपयोगी पडतो. तिसऱ्या वेळेला मी ताईंना मजुरी देणार आहे, आणि ती त्यांनी घ्यावी. मजुरी घेतली की मीही काम हक्काने सांगेन.

सतीश_एचआर | 24 जून

मजुरी घेणार असाल तर वरचं कलम पुन्हा वाचा.

अनघा_सांगोला | 24 जून

पत्रात ते कलम आहे. मजुरी घेणार नाही, दादांना तसं सांगितलं. त्याऐवजी फेब्रुवारीत दोन पेट्या डाळिंबासाठी वापरायला देतील असं ठरलंय.

अनघा_सांगोला | 19 ऑगस्ट

दुसरा दौरा. हा जड गेला.

पावसाची झड होती, पेट्या उघडता येत नव्हत्या, शेडमध्ये बसून चौकटींना तारा ओढल्या. दुपारी तासभर उघडीप मिळाली. एका पेटीत चौकटीवर पांढरं जाळं दिसलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं, मेणात आडवे बोगदे आणि त्यात जाड अळ्या. मेणकिडा. आठ चौकटींच्या पेटीत माश्या मात्र तीन चौकटी झाकतील एवढ्याच. दादा म्हणाले, चूक किड्याची नाही, आपली आहे. माश्या जेवढ्या चौकटी अंगाने झाकू शकतात तेवढ्याच पेटीत ठेवायच्या, जास्तीचं रिकामं मेण जुलैतच काढून घ्यायला हवं होतं. जून महिन्यात ती पेटी मी तपासली होती. 'बरी आहे' असं वहीत लिहिलं होतं. किती चौकटी माश्यांनी भरल्या आहेत ते मोजलंच नव्हतं.

ती कॉलनी दुसरीत मिसळावी लागली. वर्तमानपत्राचा कागद मध्ये ठेवून एकावर एक पेटी, दोन दिवसांत माश्या कागद कुरतडून एक होतात. परतताना मला रडू आलं. घरी नवऱ्याने विचारलं, ऑफिसात सर्व्हर बंद पडल्यावर असं वाटतं का? नाही वाटत. हे चांगलं की वाईट ते मला ठरवता येत नाही.

मकरंद_ठाणे | 19 ऑगस्ट

एक विचारतो. घरी परत निघताना तुम्हाला सप्टेंबरची तारीख ठरवावीशी वाटली का? मी त्या काळात हेच स्वतःला विचारायला हवं होतं.

अनघा_सांगोला | 20 ऑगस्ट

गाडीत बसायच्या आधीच ठरवली होती.

अनघा_सांगोला | 30 सप्टेंबर

शनिवारी रात्री स्थलांतर झालं. 60 पेट्या, एक आयशर, अकोले तालुक्यात कारळ्याच्या शेतांजवळ.

सूर्य मावळेपर्यंत थांबायचं, बाहेरची शेवटची माशी परत येईपर्यंत. उकाडा होता, त्यामुळे 15-16 पेट्यांच्या दारावर माश्या दाढीसारख्या लोंबत होत्या, आत जायला तयार नाहीत. पाण्याचा बारीक फवारा मारून त्यांना आत घालवलं, दाराला फोम लावला, झाकणाखाली हवेला जाळी. साडेनऊला भरायला सुरुवात. भरलेली पेटी 25-30 किलोची, ती दोघांनी छातीपर्यंत उचलायची, गच्च पट्टा आवळायचा. माझी बाजू दोनदा घसरली. एका पेटीची फळी सरकली आणि अंधारात माश्या चालत बाहेर आल्या. रात्री त्या उडत नाहीत, अंगावर चढतात, बाहीतून आत येतात. अकरा डंख.

पहाटे साडेचारला पोचलो. उजाडायच्या आत पेट्या उतरवून दारं उघडायला हवीत. दादांनी सांगितलं की एके वर्षी गाडी घाटात बंद पडली, सकाळचे दहा वाजले, आणि 22 पेट्या आतल्या आत गुदमरून मेल्या, मेण वितळून खाली आलं होतं. सोमवारी ऑफिसात माझ्याकडून कीबोर्डवर बोटं नीट पडत नव्हती.

एक गोष्ट स्पष्ट झाली. हे काम मी करू शकते, पण उचलायचं काम वर्षातून पाच वेळा, दहा वर्षं, मी करू शकत नाही. त्यासाठी माणूस लागेल आणि त्याचे पैसे हिशोबात धरायला हवेत.

रानवाटा | 1 ऑक्टोबर

त्याच्यासाठीच बोलावलं होतं. आता ताई, हिशोब मांडू. माझ्या वहीतून 100 पेट्यांचा देतो, तुमच्या भागात थोडा फरक पडेल.

हलवाहलव केली तर बऱ्या वर्षी पेटीला सरासरी 20 किलो मध. घाऊक दर मला अलीकडे 120 च्या आसपास मिळतो. म्हणजे 2 लाख 40 हजार. डाळिंब-कांद्याला 60 पेट्या भाड्याने गेल्या, पेटीला 2,000 धरले, तर 1 लाख 20 हजार. एकूण 3 लाख 60 हजार.

खर्च: पावसाळ्यात पेटीला 7 किलो साखर, 44 रुपयांनी, म्हणजे 31 हजार. पाच स्थलांतरं, गाडी आणि हमाली मिळून 15 हजार एकाला, 75 हजार. एक माणूस वर्षाला 1 लाख 20 हजार. झाले 2 लाख 26 हजार. हातात उरले 1 लाख 34 हजार. यात पेट्यांची मूळ किंमत, मेलेल्या कॉलन्या आणि वाईट वर्ष धरलेलं नाही.

तुमचा वर्षाचा पगार साडेसात लाखांच्या जवळ आहे. मी 180 पेट्या का ठेवतो आणि राजस्थानला का जातो ते आता कळेल.

जावळीकर | 1 ऑक्टोबर

घाऊक विकलात तर असंच होणार.

विभा_घरगुती | 1 ऑक्टोबर

मी जूनमध्ये हेच सांगत होते, फक्त वेगळ्या वाटेने. 100 पेट्यांच्या 2,000 किलोंतला 400 किलो जरी तुम्ही स्वतः 500 रुपयांनी विकलात, तर किलोमागे 380 जास्त, म्हणजे दीड लाखावर फरक. त्यातून बाटली, लेबल, कुरिअर आणि परवान्याचा खर्च वजा करा. पण 400 किलो मध विकणं ही लहान गोष्ट नाही. ओळखीतले लोक एकदा घेतात, कौतुकाने घेतात. दुसऱ्यांदा मागणारे किती, ते खरं गिऱ्हाईक. म्हणून आत्ताच 20 किलोवर बघा.

अनघा_सांगोला | 2 ऑक्टोबर

विभाताई, जूनमध्ये मला ते लागू नाही असं वाटलं होतं. माझं चुकलं. दादांकडून 20 किलो घेते. सतीशदादा, कंपनीला परवानगीचा ईमेल टाकला, सोसायटीत मर्यादित विक्रीला त्यांनी लेखी होकार दिला.

अनघा_सांगोला | 14 डिसेंबर

विक्रीचा हिशोब. 500 ग्रॅमच्या 40 बाटल्या. पहिल्या तीन आठवड्यांत 31 गेल्या. थंडी पडल्यावर उरलेल्या बाटल्यांतला मध गोठला, खाली साखरेसारखे कण. चार जणांनी परत केला, साखर घातली आहे म्हणून. कारळ्याचा आणि मोहरीचा मध लवकर गोठतो हे मला माहीत होतं, पण लेबलवर लिहिलं नव्हतं. प्रत्येकीकडे जाऊन कोमट पाण्यात बाटली ठेवून दाखवली. दोघींना पटलं, दोघींना नाही.

आजपर्यंत दुसऱ्यांदा मागणारे सात जण.

विभा_घरगुती | 14 डिसेंबर

40 बाटल्यांत सात वाईट नाही. पण 400 किलो म्हणजे 800 बाटल्या. तेवढ्या विकायला दर रविवार बाजारात उभं राहावं लागेल. ते तुम्हाला आवडतं का?

अनघा_सांगोला | 15 डिसेंबर

मध समजावून सांगायला आवडतं. पैसे मागायला जड जातं. सवयीने सुटेल की नाही, सांगता येत नाही.

अनघा_सांगोला | 26 फेब्रुवारी

चौथा दौरा दादांकडे झाला नाही, भावाच्या बागेतच झाला. अंबे बहाराला दोन पेट्या ठेवल्या. भावाला बजावलं होतं की फुलोऱ्यात कीटकनाशक मारायचं नाही, मारायचंच झालं तर आदल्या दिवशी मला फोन. भावाने पाळलं. शेजारच्या बागेवाल्याने मंगळवारी सकाळी दहाला थ्रिप्ससाठी फवारणी केली, माश्या भर कामात असताना.

भावाने व्हिडिओ पाठवला. पेट्यांच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा थर, कितीतरी माश्यांची सोंड बाहेर आलेली. दादा बघताच म्हणाले, विषबाधा. एका पेटीतली निम्मी कॉलनी गेली.

मी रजा टाकून गेले. त्या शेतकऱ्याशी भांडायचं ठरवूनच निघाले होते. त्याच्या बांधावर बसले, चहा झाला, आणि तो म्हणाला, 'ताई, माझ्या बागेत तुमच्या माश्या येतात हेच मला कोणी सांगितलं नव्हतं.' खरंच नव्हतं सांगितलं. मी भावाशी बोलले, बांधापलीकडे बोलले नाही. माशी दीड-दोन किलोमीटर सहज जाते, म्हणजे पेटी ठेवायच्या आधी तेवढ्या परिघातल्या सगळ्या बागांत जाऊन यायला हवं होतं. आता 14 बागांची यादी केली आहे. त्यातल्या नऊ जणांनी संध्याकाळी फवारायचं कबूल केलं. दोघांनी साफ नकार दिला. तिघे भेटले नाहीत.

नऊ महिन्यांत पेट्रोल, जेवण, जाळीची टोपी, बाटल्या आणि कॉलनीची भरपाई मिळून माझे 23 हजार खर्च झाले, मधाचे साडेआठ हजार परत आले. 11 रजा गेल्या.

शिरीष_मो | 26 फेब्रुवारी

म्हणजे 10 पेट्या घ्यायचा माझा सल्ला महागात पडला असता, हे कबूल. पण मला अजून वाटतं की सुट्टीच्या दिवशी जाऊन खरं कळत नाही. माश्या बुधवारी मरतात, तुम्ही शनिवारी पोचता. एकदा महिनाभर बिनपगारी रजा घेऊन सलग राहून बघा.

रानवाटा | 27 फेब्रुवारी

या वेळेला शिरीषदादांशी सहमत. कधी घ्यायची ते मात्र मार्च धरू नका. ऑगस्ट धरा.

जावळीकर | 27 फेब्रुवारी

किंवा ऑगस्टचे दोन आठवडे तिकडे आणि एप्रिलचे दोन आठवडे इकडे जांभळावर. 23 हजार खर्चलेत, मग सातेरी न बघताच ठरवू नका.

मकरंद_ठाणे | 27 फेब्रुवारी

बिनपगारी महिना कंपनी देईल का, ते आधी विचारा. नाही दिला तर घरात काय ठरवायचं याचं बोलणं आत्ताच व्हायला हवं.

अनघा_सांगोला | 1 मार्च

विचारलं. ऑगस्टमध्ये तीन आठवडे मिळतील, जास्त नाही. एप्रिलमध्ये चार दिवस सलग रजा काढून जावळीला येते, मुलीलाही घेऊन. जावळीकर, राहायची सोय सांगाल का?

50 पेट्यांचा विचार सोडला आहे. या पावसाळ्यात माझ्या स्वतःच्या चार पेट्या दादांच्याच शेडजवळ राहतील, त्यांची साखर आणि जबाबदारी माझी. त्यातल्या किती पेट्या सप्टेंबरात सहा चौकटींवर उभ्या असतात त्यावर पुढचं बोलू. नेमणूकपत्रातली नोटीस 60 दिवसांची आहे.

जावळीकर | 1 मार्च

घरीच या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात या, तोपर्यंत जांभळाचा मध पेट्यांत भरायला लागलेला असेल. मुलीला पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे आणा, केसांना तेल-अत्तर नको. आणि सुवर्णा सिस्टरांनी लिहिलेलं तिच्याबाबतीतही वाचा, तिला माशी आधी कधी चावली आहे का?

अनघा_सांगोला | 1 मार्च

नाही चावलेली. डॉक्टरांना विचारून मगच आणते.